भूपृष्ठालगतच्या गारव्याचा वाद आणि तापमापकाची निवड : पुणे १९३२ ते टेंभुर्णी

तापमापक हवेचे तपमान सांगतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो केवळ स्वतःचे तपमान सांगतो. हवेशी त्याचे तपमान जितके जुळलेले असेल तितकेच त्याचे सांगणे हवेविषयी खरे मानावयाचे. ही गोष्ट सांगितली असता कोणासही पटते, परंतु प्रत्यक्ष मापनाच्या वेळी तिचा विसर पडतो. या विसरण्याने केवढा वाद उभा राहू शकतो याचे एक बोलके उदाहरण पुण्याच्या परिसरातच घडलेले आहे. प्रस्तुत लेखात त्या वादाचा वृत्तांत प्रथम देऊन, आज बाजारात मिळणाऱ्या तीन साधनांपैकी, म्हणजे थर्मिस्टर, अंकीय शलाका (जिला सर्वत्र डिजिटल प्रोब म्हणतात) आणि तपयुग्म किंवा थर्मोकपल यांपैकी, कोणते साधन अशा कामास योग्य ठरते याचा विचार करावयाचा आहे. विचारासाठी स्थळ घेतले आहे ते सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या आसपासचे काळे रान.

१. पुण्यातील निरीक्षण

भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. त्यानंतर चार वर्षांनी, १९३२ मध्ये, पुण्यात कृषी-हवामानशास्त्राच्या शाखेचे काम सुरू झाले आणि ते डॉ. ल. अ. रामदास यांच्याकडे सोपविण्यात आले. रामदास हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे शिष्य. पिकाच्या उंचीवरील हवा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे, जमिनीपासून एकदोन मीटरांपर्यंतच्या थरात उष्णतामान कसे बदलते याची मोजणी त्यांना करावी लागली.

त्या वेळचा सर्वमान्य सिद्धांत असा होता की, निरभ्र आणि शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे प्रारणाने घालविते, त्यामुळे सर्वांत थंड जागा म्हणजे भूपृष्ठ, आणि तेथून वर जावे तसतसे तपमान वाढत जाते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन् यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याहून वेगळी गोष्ट नोंदविली. उघड्या जमिनीवर, वारा पडलेल्या निरभ्र रात्री, सर्वांत थंड हवा भूपृष्ठाला टेकलेली नसून त्याच्या वर काही अंतरावर असते, असे त्यांना आढळले. हे अंतर साधारणतः दहा ते पन्नास सेंटिमीटरांच्या दरम्यान येते. जमीन त्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार राहते. या थरास पुढे रामदासांचेच नाव मिळाले.

२. शंका कोणत्या होत्या ?

हे निरीक्षण सहजासहजी मान्य झाले नाही. एक शंका तात्त्विक होती. थंड हवा जड असते. उबदार हवेच्या डोक्यावर जड हवा बसलेली असेल तर ती खाली यावी, उबदार हवा वर जावी आणि सारा थर ढवळून निघावा. मग हे किमान रात्रभर त्याच उंचीवर टिकते कसे ? दुसरी शंका मापनाविषयी होती. तापमापक स्वतःच आकाशाकडे उष्णता घालवून हवेपेक्षा थंड होत असेल, किंवा शेजारच्या उतारावरून थंड हवा वाहत येत असेल, तर हा थर म्हणजे निव्वळ भास ठरला असता.

यांपैकी मापनाविषयीची शंका योग्यच होती. सिद्धांताला छेद देणारे निरीक्षण आले की प्रथम उपकरणाकडे बोट दाखवावयाचे, हा शास्त्रातील रास्त दंडक आहे. त्या शंकेचे निरसन होण्यास जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. इंग्लंडमध्ये लेक यांनी १९५६ मध्ये उघड्या जमिनीवरील तपमानाच्या उतरंडीची नोंद प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ राश्के यांनी खुद्द पुण्यात घेतलेली निरीक्षणे प्रकाशित झाली. दोघांनाही किमान तपमान भूपृष्ठाच्या वरच आढळले. १९७० मध्ये ओक यांनीही शांत, निरभ्र रात्रींच्या निरीक्षणांतून याच घटनेचा परामर्श घेतला. तिचा गणिती सिद्धांत वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि नरसिंह यांनी १९९३ मध्ये मांडला. पुढे बंगळुरूच्या संशोधकांनी जमिनीलगतच्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या प्रारणाकडे लक्ष वेधून त्या सिद्धांतास वेगळे वळण दिले. तेव्हा रामदासांचे निरीक्षण खरे होते. परंतु ते खरे आहे हे ठरविण्याचा मार्ग उपकरणाच्या दोषांतूनच गेला, आणि तोच भाग आपल्या विषयाचा आहे.

३. तीन साधने

तिन्ही साधनांचा जन्मकाल एक नाही. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा दोन्ही टोकांस जोडल्या आणि सांध्यांच्या तपमानात फरक ठेवला, तर मंडलात विद्युत्‌परिणाम उत्पन्न होतो, ही गोष्ट सीबेक यांना १८२१ मध्ये आढळली. हेच तपयुग्म. तांबे आणि कॉन्स्टंटन यांच्या युग्मात नेहमीच्या तपमानास दर अंशामागे सुमारे ४० मायक्रोव्होल्ट दाब मिळतो.

थर्मिस्टरचे बीज फॅराडे यांच्या १८३३ मधील निरीक्षणात आहे. धातू तापला की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो, पण सिल्व्हर सल्फाइडचा रोध तापल्यावर घटतो, असे त्यांनी नोंदविले. या गुणधर्माचे व्यापारी उपकरणात रूपांतर होण्यास मात्र विसाव्या शतकाचे चौथे दशक उजाडावे लागले. आजच्या थर्मिस्टरचा मणी धातूंच्या ऑक्साइडांचा असतो. २५ अंश से. तपमानास १० हजार ओहम रोध असलेला मणी सर्वाधिक प्रचारात आहे. त्याचा रोध दर अंशामागे चारपाच टक्क्यांनी बदलतो, म्हणून तो अत्यंत संवेदी ठरतो.

अंकीय शलाका ही विसाव्या शतकाच्या अखेरीची निर्मिती. तिच्या पोटात तपमान मोजणारे आणि त्याचे अंकांत रूपांतर करणारे मंडल एकाच लहान तुकड्यावर असते. सहज मिळणाऱ्या ‘डीएस-१८बी२०’ या तुकड्याची अचूकता उणे १० ते ८५ अंश से. या पल्ल्यात अर्ध्या अंशाची, आणि त्याने दाखविलेल्या अंकांची बारीकी एका अंशाच्या सोळाव्या भागाची असते. या दोन गोष्टींतील अंतर लक्षात घेतले पाहिजे. ज्याचे खरेपण अर्ध्या अंशाचे आहे त्याच्या तिसऱ्या दशांशस्थळावर विसंबणे व्यर्थ होय.

वरवर पाहता निवड सोपी वाटते. शलाका जोडण्यास सुलभ, थर्मिस्टर संवेदी, तपयुग्म मात्र क्षीण संकेताचे. अंशाच्या एका दशांशामागे त्याच्याकडून केवळ ४ मायक्रोव्होल्ट मिळतात. शेताच्या कामासाठी कोणीही पहिल्या दोहोंपैकीच एक उचलील. रामदासांच्या थराची मोजणी करावयाची म्हटल्यास ही निवड चुकते. ती का, हे आता पाहू.

४. स्वतःच्याच ऊबेची चूक

थर्मिस्टरचा रोध मोजावयाचा तर त्यातून प्रवाह सोडावा लागतो, आणि प्रवाह सोडला की मणी तापतो. हवेशी त्याचे तपमान जुळावे म्हणून जो मणी ठेवला तोच मोजणीमुळे हवेपेक्षा उबदार होतो. ही चूक किती असते ते एका प्रत्यक्ष उदाहरणाने काढू.

वर सांगितलेला १० हजार ओहमचा मणी, तेवढ्याच स्थिर रोधाशी मालिकेत जोडून, ५ व्होल्टच्या दाबावर ठेवला आहे असे समजा. ही जोडणी जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत दिलेली असते. हवेचे तपमान १० अंश असता या जातीच्या मण्याचा रोध सुमारे २० हजार ओहम होतो. मंडलाचा एकूण रोध ३० हजार ओहम, म्हणून प्रवाह एक मिलिअँपिअरच्या सहाव्या भागाएवढा. मण्यात खर्च होणारी शक्ती सुमारे ०.५५ मिलिवॉट. स्थिर हवेत असा लहान मणी एका अंशाने तापण्यास एक ते दोन मिलिवॉट पुरतात. म्हणजे मणी हवेपेक्षा पाव ते अर्धा अंश अधिक दाखविणार.

सर्वच उंचींवर ही चूक सारखी असती तर फारसे बिघडले नसते, कारण आपल्याला उंचीनुसार पडणारा फरक पाहावयाचा आहे. परंतु मण्याची ऊब वाहून नेण्याचे काम हवेची हालचाल करते, आणि ती हालचाल जमिनीलगत सर्वांत कमी असते. जमिनीपासून दोन सेंटिमीटरांवर एक अंशाला १ मिलिवॉट आणि चाळीस सेंटिमीटरांवर दीड मिलिवॉट लागतो असे धरले, तर खालचा मणी ०.५५ अंशाने आणि वरचा ०.३७ अंशाने चढ दाखवील. म्हणजे हवेत काहीही फरक नसताना खालचा थर जवळजवळ एकपंचमांश अंशाने उबदार दिसेल. हा रामदासांच्या थराचाच आभास होय. मूळ थराचा फरक अंशांत असतो, त्यामुळे एवढ्याने त्याचे अस्तित्व खोटे ठरत नाही. पण ज्या रात्री तो क्षीण असतो त्या रात्री खरे आणि भासमान यांची सरमिसळ होते.

अंकीय शलाकाही या दोषातून सुटलेली नाही. मोजणी चालू असता ती सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह घेते. ५ व्होल्टवर हे ५ मिलिवॉट झाले, आणि आवरणाविना उघडा तुकडा स्थिर हवेत एवढ्या शक्तीने पाऊण अंश ते एक अंश तापू शकतो. परंतु एका मोजणीस पाऊण सेकंदच लागतो. ती मिनिटातून एकदाच केली तर सरासरी शक्ती ऐंशीपटीने घटते आणि चूक अंशाच्या शंभराव्या भागावर येते. थर्मिस्टरलाही हाच उपाय लागू आहे. दाब क्षणभरच द्यावा, अथवा मालिकेतील स्थिर रोध १० हजारांऐवजी एक लाख ओहमचा घ्यावा. दुसऱ्या उपायाने मण्यातील शक्ती ०.०३५ मिलिवॉटपर्यंत उतरते, म्हणजे पूर्वीच्या पंधराव्या भागाहूनही कमी होते.

ही चूक आपल्या मंडलात आहे की नाही हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. दाब निम्मा करून पुन्हा मोजावे. शक्ती एकचतुर्थांश झाल्यामुळे ऊबही तेवढीच घटते. दोन्ही वेळा रोध तोच आला तर चूक नगण्य समजावी. निराळा आला तर त्या दोन मापांवरून शून्य शक्तीचे तपमान गणिताने काढता येते. प्लॅटिनमच्या रोध-तापमापकांच्या बाबतीत मानक प्रयोगशाळा दोन निरनिराळ्या प्रवाहांवर मोजणी करून हेच साधतात. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. पुष्कळ जण मणी पाण्याच्या भांड्यात बुडवून तपासतात आणि निर्धास्त होतात. पाणी ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने वाहून नेते, म्हणून हवेत अर्ध्या अंशाची चूक करणारा मणी पाण्यात निर्दोष दिसतो. कसोटी हवेतच, आणि वारा नसलेल्या जागी घेतली पाहिजे.

५. जागेची चूक

मोजणीच्या प्रवाहामुळे येणारी चूक टाळली तरी आकाश उरते. हिवाळ्यातील कोरड्या, निरभ्र रात्री दख्खनवर आकाशाचे परिणामी तपमान हवेपेक्षा सुमारे वीस अंशांनी कमी आहे असे धरू. उघड्यावर आडव्या धरलेल्या शलाकेची वरची बाजू या थंड आकाशाकडे आणि खालची बाजू जमिनीकडे उष्णता प्रारणाने देते. हवा मात्र तिला ऊब पुरवीत राहते. या देवघेवीचा तोल जेथे साधतो ते शलाकेचे तपमान, आणि ते हवेपेक्षा खाली असते.

हा तोल शलाकेच्या जाडीवर अवलंबून आहे. वस्तू जितकी बारीक तितकी तिच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरास हवा अधिक उष्णता देऊ शकते. सहा मिलिमीटर व्यासाची, पोलादी आवरणाची अंकीय शलाका स्थिर हवेत सुमारे सव्वा ते दीड अंश कमी दाखवील. पोलाद चकचकीत असते म्हणून एवढ्यावर भागते. तीच शलाका काळ्या रंगाची असती तर चूक साडेतीन अंशांच्या पुढे गेली असती. अडीच मिलिमीटरचा, राळेने माखलेला थर्मिस्टर सुमारे दीड अंश, आणि एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या तारेचे तपयुग्म केवळ पाव अंश कमी दाखवील. हे आकडे स्थिर हवेसाठी काढलेले स्थूल अंदाज आहेत. किंचित वारा सुटला की सर्वच कमी होतात, पण त्यांचा परस्परांशी असलेला क्रम बदलत नाही.

येथे एक मौजेची गोष्ट दिसते. प्रारणाची चूकही जमिनीलगतच्या निश्चल हवेत सर्वांत मोठी असते, परंतु तिची दिशा उलट आहे. ऊबेची चूक खालचा थर खोटाच उबदार दाखविते, तर प्रारणाची चूक तो खोटाच थंड दाखविते. पहिली रामदासांचा थर नसता दाखवील आणि दुसरी तो असताना झाकील. एखाद्या मंडलात दोन्ही चुका असल्या आणि योगायोगाने एकमेकींना पुसून टाकू लागल्या, तर मोजणारा समाधानी राहील आणि त्याची नोंद मात्र निराधार असेल.

नेहमीच्या वेधशाळेत या संकटावर दोन उपाय असतात. एक स्टीव्हन्सनची झडपांची पांढरी पेटी आणि दुसरा हवा खेचणारा पंखा. मनुष्याच्या छातीएवढ्या उंचीवर दोन्ही योग्य आहेत. पण जेथे थराचीच जाडी वीतभर, तेथे हातभर उंचीची पेटी ठेवली तर ती थर झाकून टाकते. पंखा लावला तर तो वरची व खालची हवा खेचून जे मोजावयाचे तेच मिसळून टाकतो. म्हणून अशा जागी आडोसा नव्हे तर बारीकपणा हाच संरक्षण ठरतो.

६. टेंभुर्णीच्या रानातील मांडणी

टेंभुर्णी पुणे-सोलापूर मार्गावर माढे तालुक्यात आहे. भीमेवरील उजनीच्या जलाशयामुळे या भागात उसाबरोबर केळीची लागवडही पसरली आहे. केळीला थंडी मानवत नाही. हातभर उंचीचे नवे रोप ज्या थरात उभे असते तो नेमका आपल्या विवेचनातील थर आहे, आणि त्याच्या शेजारी छातीइतक्या उंचीवरच्या पेटीतील तापमापक त्या थराविषयी काहीच सांगत नाही. शिवाय हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात भरपाई ठरते ती तपमान ठरावीक मर्यादेखाली सलग किती दिवस राहिले यावर, आणि तेही मंडलातील नोंदणी-केंद्राच्या आकड्यावरून. अर्ध्या अंशाने एका घरचा वर्षाचा हिशेब बदलू शकतो. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात मापक लावून त्या आकड्याशी ताडून पाहावयाचे ठरविले, तर त्याला आपली चूक आधी ठाऊक असली पाहिजे.

कल्पना करा की, जानेवारीच्या एका शांत रात्री लागवडीपूर्वीच्या उघड्या काळ्या रानात ही मोजणी करावयाची आहे. दोन, दहा, वीस, चाळीस आणि शंभर सेंटिमीटर अशा पाच उंची घ्याव्यात. प्रत्येक उंचीवर बारीक तारेचा एक सांधा ठेवावा आणि त्याचा जोडीदार सांधा शंभर सेंटिमीटरांवरील सामाईक जागी बांधावा. असे केल्याने तपयुग्माचा सर्वांत मोठा दोष टळतो. एरवी तपयुग्म आपल्या सांध्याचे तपमान सांगत नसून सांधा आणि मोजणीच्या पेटीतील टोके यांतील फरक सांगते, आणि पेटीतील टोकांचे तपमान दुसऱ्या कोणत्यातरी मापकाने मोजून मिळवावे लागते. पेटीही त्याच आकाशाखाली थंड होत असते. टोक आणि तो मापक यांत एका अंशाचा फरक पडला तर तो सबंध अंश उत्तरात उतरतो. दोन्ही सांधे रानातच ठेवले की पेटीचा प्रश्न उरत नाही आणि हवा तो उंचीमधील फरक थेट मिळतो. मोजणीसाठी एक मायक्रोव्होल्ट ओळखणारा संवर्धक हवा. साध्या बहुमापकाची एक पायरी दशांश मिलिव्होल्टची असेल, तर ती अडीच अंशांएवढी होते आणि त्या कामास तो निरुपयोगी आहे.

तार खुंटीपासून सांध्यापर्यंत त्याच उंचीवर आडवी न्यावी. ती खालून वर उभी आणली तर तांब्याची तार दुसऱ्या थराची ऊब सांध्यात आणून सोडते. आडवी तार हातभर नेली की सांधा आणि त्याच्या लगतची तार एकाच हवेत राहतात. खुंटी बारीक असावी आणि सांध्यापासून दूर असावी.

शंभर सेंटिमीटरांवरील खरे तपमान किती हे सांगण्यास मात्र तपयुग्म उपयोगी नाही. तेथे आडोशातील अंकीय शलाका ठेवावी आणि मिनिटातून एकदाच वाचावी. त्यापूर्वी बारीक फोडलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या लगद्यात ती शून्य अंशास तपासून घ्यावी. मातीच्या आत, जेथे प्रारण नाही आणि ऊब माती वाहून नेते, तेथे थर्मिस्टर किंवा शलाका यांपैकी काहीही चालते. म्हणजे तिन्ही साधनांना या एकाच रानात आपापली जागा आहे.

शेवटची कसोटी अदलाबदलीची. मध्यरात्रीनंतर दहा आणि चाळीस सेंटिमीटरांवरील सांधे परस्परांच्या जागी न्यावेत. थंडी जागेबरोबर राहिली तर ती हवेची आहे, आणि सांध्याबरोबर सरकली तर ती साधनाची आहे. दुसरी कसोटी म्हणून एका उंचीवर दुप्पट जाडीची तार शेजारी लावावी. दोन तारांच्या मापांत पडलेला फरक म्हणजे प्रारणाच्या चुकीचे परिमाण होय. जाडीकडून बारीकपणाकडे जाताना माप ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने हवेचे खरे तपमान आहे असे समजावे.

रामदासांच्या वाट्यास आलेल्या शंकेचा आशय एवढाच होता की, थंडी हवेची की साधनाची ? १९३२ मध्ये विचारलेला तो प्रश्न आज टेंभुर्णीच्या रानात मापक रोवणाऱ्यानेही विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर मापकाच्या अंकफलकावर मिळत नाही. ते दाब निम्मा करून, तार बारीक करून आणि सांध्यांची अदलाबदल करूनच मिळवावे लागते.